पंचवीस मिलीची पिपेट खरोखर किती सोडते? पाणी तोलून तपासण्याची रीत

आमच्या सांगलीच्या लॅबमध्ये उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याचे नमुने ओळीने येतात. द्राक्षबागायतदार बाटल्या घेऊन येतात आणि त्यांना कठीणपणा हवा असतो. एका एप्रिलमध्ये आमच्या लक्षात आले की एकच पाणी दोघींनी तपासले की टायट्रेशनमध्ये एक दशांश मिलीचा फरक पडतो. एकीचे २४.० यायचे, दुसरीचे २३.९. ब्युरेट तीच, ईडीटीए तेच, शेवटचा रंग ओळखणारे डोळेही अदलाबदल करून पाहिले. फरक माणसाबरोबर जात नव्हता, पिपेटबरोबर जात होता. दोन्ही पिपेट पंचवीस मिलीच्या, दोन्हींवर ‘ए’ वर्गाचा शिक्का.

लॅबमध्ये प्रशिक्षणाला आलेल्या मुलीने त्यातली बरी वाटणारी पिपेट उचलली, ऊर्ध्वपातित पाणी भरले, फ्लास्कमध्ये सोडले आणि तोलले. बॅलन्सवर २४.८४३ ग्रॅम आले. “मॅडम, ही तर दीडशे मायक्रोलीटरने कमी सोडतेय. फेकून द्यायची का?”

‘ए’ वर्गाच्या २५ मिली पिपेटला चूक चालते ती ०.०३ मिलीपर्यंत. तिच्या हिशेबाने ही पिपेट त्याच्या पाचपट चुकत होती. प्रत्यक्षात पिपेट उत्तम होती. चूक ‘एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम’ या शाळेतल्या वाक्यात होती. ते वाक्य ४ अंशांच्या आसपासच्या पाण्याला लागू पडते, सांगलीतल्या एप्रिलच्या पाण्याला नाही. त्या दिवशी आम्ही दोन्ही पिपेट नीट तपासल्या. तीच रीत इथे आमच्या आकड्यांसह देते.

आदल्या संध्याकाळी

या कामातला निम्मा भाग आदल्या दिवशी होतो. पाणी, पिपेट, तोलायचा फ्लास्क आणि थर्मामीटर हे सगळे बॅलन्सच्याच खोलीत रात्रभर राहिले पाहिजे. ऊर्ध्वपातित पाण्याचा मोठा कॅन खोलीबरोबर चटकन तापत नाही आणि निवतही नाही. दुपारी खोलीत ३४ अंश असतील तर कॅनमधले पाणी ३१ वर रेंगाळलेले असू शकते. असे पाणी पिपेटमध्ये घेतले की ते काचेतून जाताजाता तापते. मग तुम्ही थर्मामीटरवर वाचलेले तापमान आणि मापाच्या क्षणी पाण्याचे खरे तापमान यांत फरक पडतो. म्हणून लिटरभर पाणी काचेच्या बाटलीत काढून, बूच लावून बॅलन्सशेजारी ठेवायचे.

पाणी ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्तच हवे. नळाचे पाणी स्वच्छ दिसते, पण लिटरमागे तीनशे मिलिग्रॅम क्षार असतील तर त्याची घनता सुमारे पाव सहस्रांशाने वाढते, म्हणजे २५ मिलीमागे साधारण ६ मिलिग्रॅम. पिपेट आहे त्यापेक्षा जास्त सोडते असे दिसेल आणि कारण सापडणार नाही.

वेळ सकाळची निवडावी. आम्ही सात ते नऊ ठरवली आहे, कारण त्या दोन तासांत खोलीचे तापमान जेमतेम अर्धा अंश हलते. दुपारी बारा ते तीन या वेळात ते एवढे चढते की पाच मापांची पाच वेगळी तापमाने लिहावी लागतात. एसी असेल तर तो आधी दोन तास लावून खोली स्थिर होऊ द्यावी, मात्र त्याचा झोत बॅलन्सवर नको. पंखा बंद. आमच्याकडे दर वेळी कोणीतरी हाक मारते, “मामा, पंखा!” आणि मामा कुरकुरत बटण बंद करतात.

बॅलन्स निदान १ मिलिग्रॅम दाखवणारा हवा. ०.१ मिलिग्रॅमचा असेल तर उत्तमच. २५ मिलीला ०.०३ मिलीची मर्यादा म्हणजे वजनात ३० मिलिग्रॅम, तेव्हा १० मिलिग्रॅमच्या काट्यावर या कामात अर्थ नाही. सुरू करण्याआधी बॅलन्स तासभर चालू ठेवावा आणि प्रमाणित वजन ठेवून पाहावा. आम्ही ५० ग्रॅमचे वजन ठेवतो. त्यात फरक दिसला तर पिपेटला हात लावायचा नाही, आधी बॅलन्सचा प्रश्न सोडवायचा.

काच स्वच्छ आहे का

पिपेट कोमट पाण्यात लॅबचा साबण घालून धुवा. नळाच्या पाण्याने भरपूर विसळा, मग ऊर्ध्वपातित पाण्याने. आता ती भरून सोडा आणि आतून बघा. स्वच्छ काचेवरून पाणी सलग पातळ पापुद्र्यासारखे उतरते. मागे थेंब चिकटून राहिले, किंवा पाणी काचेवर रेघांत फाटले, तर आत चिकटपणा आहे आणि अजून धुवायला हवे. अशी पिपेट तोलली तर दर वेळी वेगळ्या संख्येने थेंब आत राहतात. वाचन एकदा वर, एकदा खाली जाते आणि सरासरीही कमीच येते.

बाहेरून टोक बघा. भिंगाखाली बघितलेत तर बरे. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि तिने आमचे पुढचे अर्धे कोडे सुटले असते, पण त्या दिवशी आम्ही ती नेमकी वगळली.

पिपेटवर काय छापले आहे तेही वहीत उतरवा. ‘एक्स’ किंवा ‘टीडी’ म्हणजे बाहेर सोडलेल्या पाण्याचे माप, ‘इन’ किंवा ‘टीसी’ म्हणजे आत मावलेल्या पाण्याचे. त्याशेजारी एक तापमान असते. आपल्याकडच्या काचसामानावर बहुधा २७ अंश असते, बाहेरून आलेल्यावर २०. ‘एक्स’पुढे १५ सेकंद किंवा ५ सेकंद असे काही लिहिले असेल तर ती थांबण्याची वेळ, आणि ती पाळायची असते.

भरणे आणि सोडणे

रबरी फुग्याने किंवा फिलरने पाणी खुणेच्या दोनेक सेंटिमीटर वर ओढा, फुगा काढा आणि तर्जनीने वरचे तोंड बंद करा. बोट किंचित ओलसर असले की पकड चांगली येते, चिंब असले तर निसटते. टोकाच्या बाहेरचे पाणी टिश्यू कागदाने पुसा. आता पिपेट उभी धरा, टोक एका वेगळ्या बीकरच्या काचेला टेकवा आणि बोट सैल करत पाणी हळूहळू खुणेवर आणा. पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा सर्वांत खालचा भाग खुणेच्या रेघेच्या वरच्या कडेला टेकला पाहिजे. डोळा रेघेच्या पातळीत असला की समोरची आणि मागची रेघ एकच दिसते, ही सोपी खूण. मागे, रेघेच्या किंचित खाली, काळा कागद धरला की वक्राची कड ठळक होते.

पाणी आधी खुणेवर आणून मग टोक पुसले तर कागद टोकातूनही पाणी ओढून घेतो. म्हणून क्रम पक्का ठेवायचा, आधी पुसणे आणि नंतर खूण. नवशिक्यांचे माप १०-२० मिलिग्रॅमने इथेच घसरते.

सोडताना फ्लास्क थोडा तिरका आणि पिपेट सरळ उभी धरा. टोक फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकलेले असावे, पण झाकण बसते त्या घासलेल्या काचेच्या खाली, नाहीतर तिथले पाणी झाकणाला लागून वजन गोंधळते. बोट पूर्ण उचला आणि पाणी आपल्या वेगाने पडू द्या. प्रवाह थांबला की छापलेला वेळ थांबा आणि टोक भिंतीवर घासून पिपेट बाहेर घ्या. टोकात उरलेला थेंब फुंकायचा नाही. तो आत राहणार हे धरूनच खूण कोरलेली असते.

पिपेटचा फुगीर भाग हातात धरू नका. खुणेच्या वर, अरुंद नळीला धरा. तळहाताची ऊब काचेला आणि पाण्याला दोघांनाही लागते.

तोलणे

आम्ही १०० मिलीचा झाकणवाला कोनिकल फ्लास्क वापरतो. आतून तो कोरडा असण्याची गरज नाही, बाहेरून आणि तोंडापाशी मात्र कोरडा हवा. झाकणासह रिकामा तोला, पाणी सोडा, लगेच झाकण लावा, पुन्हा तोला. दोन वजनांतला फरक म्हणजे पिपेटने सोडलेले पाणी. फ्लास्क रिकामा न करता त्यातच दुसरे आणि तिसरे माप घेता येते, दर वेळी आधीच्या वजनावरून फरक काढायचा. तीन झाली की ओतून द्या.

झाकण का, हे पाहायचे असेल तर एकदा उघड्या बीकरमध्ये पाणी घेऊन बॅलन्सवर ठेवा. एप्रिलच्या कोरड्या हवेत शेवटचे आकडे डोळ्यांदेखत उतरत जातात. बीकरमध्ये तोललेले पाणी तुम्ही आकडा लिहीपर्यंत उडून जात असते, आणि दोष पिपेटच्या नावावर चढतो.

फ्लास्क बोटांनी न धरता कागदाच्या पट्टीने किंवा चिमट्याने उचला. हाताची ऊब लागलेला फ्लास्क बॅलन्सच्या कपाटातली हवा तापवतो, ती वर चढते आणि फ्लास्क प्रत्यक्षापेक्षा हलका दिसतो. वाचन एका दिशेने सरकत राहिले तर बहुधा हेच किंवा बाष्पीभवन असते. वजन उतरत असेल तर पाणी उडते आहे, आणि हळूहळू चढत असेल तर कोमट फ्लास्क निवतो आहे.

पाण्याचे तापमान पहिल्या मापाआधी आणि शेवटच्या मापानंतर घ्या. थर्मामीटर ०.१ अंश वाचता येणारा हवा आणि तो पाण्याच्या बाटलीत बुडवायचा. भिंतीवरच्या खोलीच्या थर्मामीटरवर भागवायचे नाही. एक अंशाची चूक २५ मिलीत जवळजवळ ०.००८ मिलीची होते, म्हणजे मर्यादेचा चौथा हिस्सा तापमानातच खर्च होतो.

आमच्या पहिल्या पिपेटची पाच मापे अशी आली: २४.८४२, २४.८४७, २४.८३९, २४.८४६ आणि २४.८४१ ग्रॅम. सरासरी २४.८४३. पाण्याचे तापमान ३०.५ अंश. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापात ८ मिलिग्रॅमचे अंतर. एवढे जवळ आले की हात स्थिर आहे आणि काच स्वच्छ आहे असे समजावे. नवी पिपेट असेल तर मी दहा मापे घेते, वर्षाच्या तपासणीला पाच पुरतात.

ग्रॅमवरून मिलीवर

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. वजनाला आकारमानात बदलताना तीन गोष्टी येतात आणि त्यांचा वाटा सारखा नाही.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाण्याची घनता. पाणी ४ अंशांच्या जवळ सर्वांत दाट असते, मिलीला १ ग्रॅमच्या अगदी लगत. तापत जाते तसे ते फुगते आणि पातळ होते. २० अंशांना घनता ०.९९८२, ३०.५ अंशांना ०.९९५५. म्हणजे आमच्या २४.८४३ ग्रॅम पाण्याने २४.९५५ मिली जागा व्यापलेली होती. ‘हरवलेल्या’ ०.१५७ मिलीपैकी ०.११२ मिली इथेच सापडले. पुस्तकात २० अंशांचा आकडा दिसला म्हणून तो वापरला असता तर २४.८८८ आले असते आणि चांगली पिपेट तरीही नापास झाली असती.

दुसरी गोष्ट हवेची. बॅलन्सवरच्या प्रत्येक वस्तूला भोवतालची हवा थोडी उचलून धरते, पाण्यात बादली हलकी लागते तसे. बॅलन्स ज्या पोलादी वजनांवर मिळवला जातो त्यांनाही हवा उचलते, पण त्यांची घनता मिलीला ८ ग्रॅम धरतात आणि त्याच वजनाला त्यांनी व्यापलेली जागा कमी असते, म्हणून उचलही कमी. पाणी जास्त जागा व्यापते, म्हणून जास्त उचलले जाते आणि हलके दिसते. २५ मिलीला हा फरक सुमारे ०.०२४ मिलीचा भरतो. वाटतो किरकोळ, पण चालणाऱ्या चुकीच्या पाऊण पट आहे, म्हणून सोडता येत नाही.

तिसरी काचेची. पिपेटवर २७ अंश लिहिले आहे आणि आपण ३०.५ अंशांना मोजतो आहोत, तेव्हा काच किंचित फुगलेली आहे. बोरोसिलिकेट काच अंशामागे एक लाखांश फुगते. साडेतीन अंशांना २५ मिलीत ही दुरुस्ती ०.००१ मिलीचीही भरत नाही. साध्या सोडा काचेची असेल तर अडीच पट धरा. पिपेटवर २० छापले असले तरी इथला फरक ०.००३ मिलीच्या आत राहतो. पिपेटवरचे २० किंवा २७ बघून लोक पाण्याच्या घनतेसाठीही तेच तापमान घेतात, ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. घनतेसाठी तापमान पाण्याचे घ्यायचे, त्या क्षणी थर्मामीटरने दाखवलेले. छापील तापमान फक्त काचेच्या फुगण्याला लागते.

तिन्ही एकत्र केले की सूत्र असे होते:

```
V = m / (ρw − ρa) × (1 − ρa/8.0) × [1 − 0.00001 × (t − 27)]
```

इथे m म्हणजे तोललेले ग्रॅम, ρw पाण्याची घनता, ρa हवेची घनता, t पाण्याचे तापमान आणि ८.० ही बॅलन्सच्या वजनांची घनता. V हे २७ अंशांना पिपेट किती मिली सोडेल ते सांगते. पिपेटवर २० असेल तर २७ च्या जागी २० घाला.

स्प्रेडशीटमध्ये A2 मध्ये वजन, B2 मध्ये तापमान, C2 मध्ये हवेची घनता घातली की पुढचे आपोआप होते. D2 मध्ये पाण्याची घनता येते आणि E2 मध्ये आकारमान:

```
D2: =0.99997495*(1-((B2-3.983035)^2*(B2+301.797))/(522528.9*(B2+69.34881)))
E2: =A2/(D2-C2)*(1-C2/8)*(1-0.00001*(B2-27))
```

शीट बरोबर बसली आहे का हे पाहायला 24.843, 30.5 आणि 0.00108 घाला. D2 मध्ये 0.99550 आणि E2 मध्ये 24.978 आले पाहिजे.

ज्यांना वहीवरच करायचे आहे त्यांच्यासाठी गुणक देते. हे पाणी आणि हवा या दोन्ही दुरुस्त्या धरून काढलेले आहेत, ग्रॅमला यांनी गुणले की मिली मिळतात. मधल्या तापमानाला मधला आकडा काढावा.

| पाण्याचे तापमान (अंश से.) | गुणक |
|---|---|
| २४ | १.००३६६ |
| २६ | १.००४१८ |
| २८ | १.००४७३ |
| ३० | १.००५३३ |
| ३२ | १.००५९५ |
| ३४ | १.००६६२ |

या तक्त्यात हवेची घनता ०.००१०८ धरली आहे. पुस्तकांत बहुधा ०.००१२ असते. ती समुद्रसपाटीच्या आणि थंड हवेची. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथला हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या जवळ असतो आणि उन्हाळ्यात हवा आणखी विरळ होते. हिवाळ्याच्या सकाळी ०.००११२ धरावे. साताऱ्यात उंची जास्त म्हणून आकडा थोडा खाली येईल. पण यावर डोके फार शिणवू नका. ०.००१२ वापरले तरी २५ मिलीत जेमतेम ०.००३ मिलीचा फरक पडतो.

एक फसवणूक मात्र सांगून ठेवते. मोबाइलवरचे हवामान १००८ किंवा १०१० हेक्टोपास्कल दाखवते आणि कोणी म्हणते, आमच्याकडे दाब तर समुद्रासारखाच आहे. तो आकडा समुद्रसपाटीवर आणून दाखवलेला असतो. प्रत्यक्ष तुमच्या टेबलावरचा दाब सांगलीत त्याहून सुमारे साठने कमी असतो.

तर आमचे गणित: ३०.५ अंशांना गुणक १.००५४८. २४.८४३ ला गुणून २४.९७९. काचेची दुरुस्ती करून २४.९७८ मिली. चूक उणे ०.०२२, मर्यादा ०.०३. पिपेट पास. मुलीला दिसलेल्या ०.१५७ पैकी ०.१३५ हा पाणी, हवा आणि काच यांचा हिशेब होता, पिपेटचा स्वतःचा दोष फक्त ०.०२२ चा.

दुसरी पिपेट

मग एक दशांशाचा फरक आला कुठून? दुसरी पिपेट त्याच सकाळी, त्याच पाण्याने तोलली: २४.७६, २४.७९, २४.७२, २४.८० आणि २४.७५. सरासरी २४.७६४, दुरुस्तीनंतर २४.८९९ मिली. चूक उणे ०.१०१, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. आणि सरासरीपेक्षा जास्त सांगत होता तो विखुरलेपणा. पहिल्या पिपेटची पाच मापे ८ मिलिग्रॅमच्या आत होती, हिची ८० मिलिग्रॅममध्ये पसरली होती.

हे वेगळे वाचायला शिकावे. मापे एकमेकांना धरून आहेत पण सगळीच कमी किंवा सगळीच जास्त, तर खूण चुकीच्या जागी कोरलेली असते, किंवा तुमचे तापमान चुकते आहे. मापे विखुरलेली असतील तर कारण काचेच्या आत, टोकाशी किंवा हातात असते. हात तोच होता, कारण पहिली पिपेट त्याच हाताने तोलली होती. आत थेंब चिकटत नव्हते. उरले टोक.

भिंग लावल्यावर दिसले. टोकाचा एक कोपरा चंद्रकोरीसारखा उडालेला होता, नखावर मावेल एवढा. मग दोन्ही पिपेट शेजारी लावून रिकाम्या होण्याचा वेळ घेतला. चांगली २७ सेकंद घेत होती, ही १६ सेकंदांत मोकळी. पाणी घाईने उतरले की आतल्या भिंतीवर जाड पापुद्रा मागे राहतो, म्हणून पिपेट कमी सोडते. आणि तुटक्या कडेवर शेवटचा थेंब कधी अडकतो, कधी पडतो, म्हणून मापे विखुरतात. टोक मोठे झाल्यावर जास्त पाणी पडेल असे वाटते. उलटे होते.

दोन पिपेटमधला फरक ०.०७९ मिली, म्हणजे सुमारे ०.३ टक्के. २४.० मिलीच्या टायट्रेशनमध्ये तो पाऊण दशांश होतो, आणि ब्युरेट वाचताना आम्ही त्याला एक दशांश लिहीत होतो. खरे सांगायचे तर बागायतदाराला याने काही फरक पडत नाही. कठीणपणा ४८० की ४७८.५, यावर त्याची बाग अवलंबून नाही. पण याच पिपेटने आम्ही कॅल्शियमचे प्रमाणित द्रावण घेऊन ईडीटीएची तीव्रता ठरवत होतो, आणि तिथली चूक त्या बाटलीतल्या प्रत्येक नमुन्यात उतरत होती.

आलेल्या आकड्याचे काय करायचे

पास झालेल्या पिपेटला आम्ही काचेवर लिहिणाऱ्या पेनने क्रमांक देतो आणि वहीत त्यापुढे २४.९७८ लिहितो. नेहमीच्या कामात २५ धरतो. प्रमाणीकरणासाठी वापरताना मात्र हिशेबात २४.९७८ घालतो. आकडा हाताशी असताना तो न वापरण्यात शहाणपण नाही.

वहीत निकालाबरोबर प्रत्येक वजन, पाण्याचे तापमान, हवेची धरलेली घनता आणि रिकामे होण्याचा वेळ लिहा. हा शेवटचा आकडा पुढच्या वर्षी फार उपयोगी पडतो. वेळ घटला तर टोक उडाले, वाढला तर टोकात काही अडकले, आणि हे तोलण्याआधीच कळते. टोक उडालेली आमची पिपेट आता मामांकडे आहे, ते तिने साबणाचे द्रावण मोजतात.

पिपेट पास झाली तरी तापमान पाठ सोडत नाही, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे. दुपारी ३३ अंशांना लिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत बनवलेले द्रावण पहाटेच्या २२ अंशांना वापरले तर ते आकसून ०.३ टक्के तीव्र झालेले असते. तुटक्या टोकाच्या पिपेटने दिली तेवढीच चूक, आणि इथे काच निर्दोष.

मोजमापी फ्लास्क तपासताना रीत तीच, फक्त त्यावर ‘इन’ असते, म्हणून तो आतून पूर्ण कोरडा करून आधी रिकामा तोलायचा, मग खुणेपर्यंत भरायचा. खुणेच्या वरच्या मानेत चिकटलेले थेंब गुंडाळलेल्या गाळणकागदाने टिपून घ्यायचे, नाहीतर तेही वजनात येतात. २५० मिलीचा भरलेला फ्लास्क २२० ग्रॅम क्षमतेच्या बॅलन्सवर चढणार नाही. त्यासाठी जास्त क्षमतेचा ०.०१ ग्रॅमचा काटा पुरतो, कारण ‘ए’ वर्गाच्या २५० मिली फ्लास्कला ०.१५ मिलीची मुभा आहे. आम्ही तो शेजारच्या लॅबमधून आणला आणि ठेवल्यावर पहिला अर्धा तास त्याला हात लावला नाही.